चार्जर ओरिजिनल आहे का? पैसे देण्याआधी आर नंबर तपासा

लातूर, परभणी, बीड, नांदेड, कुठल्याही गावच्या मोबाइल दुकानात चार्जर मागा, समोरून पहिला प्रश्न येतो, "ओरिजिनल देऊ का साधा?" आपण ओरिजिनल म्हणतो. मग काउंटरवर जे येतं त्याची किंमत दोनशे रुपयेही असू शकते आणि दोन हजारही. दुकानाच्या भाषेत या दोन टोकांच्या मध्ये बरंच काही बसतं. फर्स्ट कॉपी, मास्टर कॉपी, "बॉक्समधून काढलेला", "कंपनीचाच हाय पण बिल नाही". हे सगळं ओरिजिनल याच नावाखाली खपतं.

या लेखात फक्त भिंतीत लावायच्या ठोकळ्याबद्दल, म्हणजे अॅडॉप्टरबद्दल लिहितोय. केबलचा विषय वेगळा आहे. आणि तोही पैसे देण्याआधी, दुकानात उभं राहून, हातात फक्त आपला मोबाइल असताना काय तपासता येतं एवढ्यापुरताच. अॅडॉप्टर उघडून बघितला तर खरंखोटं पाच मिनिटांत कळतं, पण कोणता दुकानदार तो उघडू देईल?

आधी एक भेद डोक्यात पक्का असू द्या. बाजारात तीन प्रकारचे चार्जर आहेत. पहिला, तुमच्या मोबाइल कंपनीचा स्वतःचा. दुसरा, वेगळ्याच कंपनीचा, पण तिनं आपलं खरं नाव टाकून, सरकारी नोंदणी करून विकलेला. तिसरा, कुणीतरी बनवलेला आणि वर नामांकित कंपनीचं नाव चिकटवलेला. पहिले दोन्ही चालतात. कंपनीचा महाग वाटला तर दुसऱ्या प्रकारातला घ्यायला काहीच हरकत नाही. भानगड तिसऱ्याची आहे. ज्यानं नावच खोटं टाकलं, त्याच्यापर्यंत उद्या काही झालं तर पोचायला रस्ताच उरत नाही, आणि हे त्यालाही माहीत असतं. म्हणून आतला खर्चही तो त्याच हिशोबानं करतो.

आत काय कमी केलेलं असतं

घरातली लाईट 230 व्होल्टची. चार्जरच्या आत गेल्यावर ती आधी डीसी होते आणि तिथं ताण जवळपास 325 व्होल्टवर जातो. मोबाइलच्या तोंडाशी मात्र पाच-नऊ असे मोजकेच व्होल्ट पोचले पाहिजेत. या दोन बाजूंच्या मध्ये एक इवलासा ट्रान्सफॉर्मर असतो, आणि त्याच्या दोन्ही गुंडाळ्यांमध्ये पिवळ्या इन्सुलेशन टेपचे थर किंवा तिहेरी आवरणाची तार असते. सर्किटच्या पट्टीवरही 325 व्होल्टची बाजू आणि मोबाइलची बाजू यांच्यामध्ये काही मिलिमीटरची मोकळी जागा मुद्दाम सोडलेली असते. चांगल्या चार्जरमध्ये या जागी पट्टीला आरपार खाचही पाडलेली दिसते, म्हणजे धूळ-ओल साचून करंटनं पलीकडे जायला वाट मिळू नये.

नकली चार्जरमध्ये नेमकी हीच जागा आखडते. टेपचा एखादा थर कमी, तार साधी, दोन बाजूंमधलं अंतर एखाद्या मिलिमीटरवर आलेलं, फ्यूजच्या जागी सरळ तार. अशा चार्जरवर मोबाइल चार्ज होतो, कधी कधी वर्षभर होतो. म्हणून "माझा तर चांगला चालतोय" या वाक्यातून काही सिद्ध होत नाही. पावसाळ्यात भिंतीला ओल आली, किंवा लाईट गेली आणि परत येताना जोराचा झटका घेऊन आली, की ते आखडलेलं अंतर नडतं. आपल्याकडे शेतीच्या डीपीवर असलेल्या घरांना हे झटके नवे नाहीत.

यूएल या अमेरिकेतल्या सुरक्षा तपासणी संस्थेनं 2016 मध्ये अॅपलच्या नावानं विकले जाणारे 400 नकली अॅडॉप्टर तपासले होते. त्यातले 397 नापास झाले. 12 अॅडॉप्टरची बनावट तर इतकी वाईट होती की त्यांच्यापासून जीवघेणा शॉक बसण्याचा धोका होता. उरलेले 3 नकली असूनही चाचणीत टिकले, हेही लक्षात असू द्या. खालच्या बाजूला त्याचा संबंध येणार आहे.

आर नंबर कुठे असतो आणि काय सांगतो

भारतात विकायला येणारा मोबाइलचा अॅडॉप्टर भारतीय मानक ब्युरोकडे, म्हणजे बीआयएसकडे नोंदवलेला असणं सक्तीचं आहे. परदेशात बनून आलेला असला तरी. या नोंदणीचा क्रमांक अॅडॉप्टरच्या अंगावर छापावा लागतो. बीआयएसचं चिन्ह, त्याच्या वर मानकाचा क्रमांक (बहुतेक ठिकाणी आयएस 13252 भाग 1, नव्या मालावर आयएस/आयईसी 62368 भाग 1) आणि खाली `R-` लिहून पुढे आठ आकडे. अक्षरं बारीक असतात. चष्मा शोधत बसू नका, मोबाइलचा कॅमेरा उघडून झूम करा आणि फोटो काढून घ्या.

आता बीआयएसचं `BIS Care` हे अॅप उघडा. सोन्याच्या दागिन्यावरचा एचयूआयडी तपासायला ज्यांनी सराफाच्या दुकानात हे अॅप घेतलं असेल त्यांच्याकडे ते आधीच असेल, चार्जरलाही तेच चालतं. त्यात `Verify R-number under CRS` असा पर्याय आहे. तिथं आठ आकडे टाकले की नोंदणी कुणाच्या नावावर आहे, कारखाना कुठे आहे, वस्तू कोणती, ब्रँड कोणता आणि नोंदणी चालू आहे की संपली, हे पडद्यावर येतं. आयएसआय चिन्हाच्या वस्तूंसाठी, म्हणजे वायर, प्रेशर कुकर वगैरेंसाठी, वेगळा पर्याय आहे. तिथं हे आकडे टाकून "नंबर सापडत नाही" असं म्हणू नका.

बहुतेक लोक इथवर येतात, पडद्यावर काहीतरी माहिती उमटली की समाधान मानतात आणि अॅप बंद करतात. खरं काम इथून पुढे आहे. नंबर अस्तित्वात आहे की नाही एवढं बघून भागत नाही. त्या नंबरसमोरचं प्रत्येक उत्तर हातातल्या ठोकळ्याशी जुळवून बघायचं असतं.

कारण ही नोंदणी कंपनीला सरसकट मिळत नाही. ती एका कारखान्याला, एका प्रकारच्या वस्तूसाठी, ठरावीक ब्रँडच्या ठरावीक मॉडेलांसाठी मिळते. एकाच कंपनीचा चार्जर दोन कारखान्यांत बनत असेल तर दोघांचे आर नंबर वेगळे. त्यामुळे शेजाऱ्याच्या खऱ्या चार्जरवर एक नंबर आणि तुमच्या हातातल्यावर दुसरा, एवढ्यावरून तुमचा खोटा ठरत नाही. तसंच अॅपमध्ये उत्पादक म्हणून कधी न ऐकलेलं नाव दिसलं म्हणून दचकू नका. मोठ्या कंपन्या अॅडॉप्टर दुसऱ्या कारखान्याकडून बनवून घेतात, ते नाव त्या कारखान्याचं असतं. तुम्हाला बघायचा आहे तो ब्रँडचा रकाना, वस्तूचा रकाना आणि देश.

नकली माल बनवणाऱ्याला कुठला तरी नंबर छापावाच लागतो. काही जण आकडे मनाने टाकतात, ते अॅपमध्ये सापडतच नाहीत. काही जण दुसऱ्याच वस्तूचा नंबर उचलतात, मग वस्तूच्या रकान्यात पॉवर बँक किंवा एलईडी दिवा निघतो. जरा हुशार असतात ते खऱ्या चार्जरवरचा नंबर जसाच्या तसा उतरवतात. तिथं बाकी सगळं जुळतं. पण अशा मालातही देशाची गडबड बऱ्याचदा सापडते, कारण नंबर घेतलेला असतो एका चार्जरवरून आणि बाकीची छपाई उचललेली असते दुसऱ्याच मालावरून. ठोकळ्यावर "मेड इन व्हिएतनाम" आणि नंबर मात्र नोएडाच्या कारखान्याचा, हे खऱ्या मालात होत नाही.

म्हणून या तपासणीचा अर्थ नीट समजून घ्या. नंबर चुकला तर माल खोटा, विषय संपला. नंबर जुळला तर माल फक्त पहिल्या फेरीत बाद झालेला नाही, एवढंच. या लेखातली प्रत्येक तपासणी अशीच एकतर्फी आहे. ती नापास करू शकते, पास करू शकत नाही.

लातुरातला एक प्रसंग

माझा भाचा लातूरला क्लासला आहे. होस्टेलवर त्याचा चार्जर कुणीतरी नेला. फोन सॅमसंगचा, 25 वॅटचा चार्जर लागतो. मी त्याच्याकडे गेलो होतो तेव्हा आम्ही दोघं बसस्थानकाकडच्या एका दुकानात गेलो. दुकानदारानं पांढरं खोकं पुढं केलं. छापील किंमत सोळाशेच्या वर, मागत होता साडेचारशे.

"एवढा फरक कसा काय?" मी विचारलं.

"होलसेलचा माल हाय दादा. ओरिजिनलच हाय. इतके दिवस विकायलोय, एक बी परत आला नाही."

भाच्यानं खोकं उघडायला लावलं. ठोकळा हातात घेऊन झूम करून फोटो काढला. आर नंबर होता. अॅपमध्ये टाकला तर ब्रँडच्या रकान्यात सॅमसंग नव्हतंच, आणि वस्तू होती पॉवर बँक. भाच्यानं पडदा दुकानदारापुढं धरला. त्यानं वाद घातला नाही, खोकं आत ठेवलं आणि खालच्या कप्प्यातून दुसरं काढलं. "हे घ्या मग, हे सातशेला."

आता हा दुसरा ठोकळा जास्त शिकवणारा निघाला. नंबर टाकला, ब्रँड सॅमसंग, वस्तू अॅडॉप्टर, नोंदणी चालू. देशही जुळला. भाचा पैसे काढायला लागला होता. मी म्हटलं थांब, आउटपुटची ओळ वाच.

सॅमसंगच्या 25 वॅटच्या अॅडॉप्टरवर (मॉडेल `EP-TA800`) आउटपुटच्या दोन ओळी असतात. पहिलीत 9 व्होल्ट 2.77 अँपिअर किंवा 5 व्होल्ट 3 अँपिअर. दुसरीत व्होल्टचा एकच आकडा नसतो, पल्ला असतो. 3.3 ते 5.9 व्होल्टला 3 अँपिअर, किंवा 3.3 ते 11 व्होल्टला 2.25 अँपिअर. या दुसऱ्या ओळीमुळेच फोनवर "सुपर फास्ट" येतं. फोन चार्जरला सांगत राहतो, आता एवढे व्होल्ट दे, आता थोडे कमी कर, आणि चार्जर तसे देतो.

भाच्याच्या हातातल्या ठोकळ्यावर मोठ्या अक्षरात 25 वॅट होतं. आउटपुटला लिहिलं होतं 5 व्होल्ट 2 अँपिअर, 9 व्होल्ट 1.67 अँपिअर. दुसरी ओळ नव्हती. "मामा, हे तर पंधराच होतंय," भाचा म्हणाला. 9 गुणिले 1.67 म्हणजे 15 वॅट. खऱ्यावर 9 गुणिले 2.77, म्हणजे जवळपास 25. आपल्याच ठोकळ्यावर आपल्याच दाव्याशी न जुळणारा गुणाकार छापणारी कंपनी मला माहीत नाही. आर नंबर कुठल्या तरी खऱ्या चार्जरवरून उतरवला होता आणि आउटपुटची ओळ 15 वॅटच्या जुन्या चार्जरवरून.

आम्ही तिथून घेतला नाही. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून घेतला. पैसे अर्थातच जास्त गेले.

गुणाकार कुठलाही असो, करून बघा

व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. एवढं एकच सूत्र पुरतं, आणि खोक्यावरचा दावा व ठोकळ्यावरची ओळ यांच्यात ते लावायचं. अॅपलच्या 20 वॅटच्या अॅडॉप्टरवर 9 व्होल्ट 2.22 अँपिअर असतं, गुणाकार 19.98 येतो. दशांशात थोडा फरक पडतो, तो सोडून द्या. पण खोक्यावर 65 वॅट आणि ठोकळ्यावर 5 व्होल्ट 3.1 अँपिअर, म्हणजे साडेपंधरा वॅट, असा माल रस्त्यावरच्या गाड्यांवर खुशाल विकला जातो. विकणारा खोटं बोलत असतो असंही नाही, त्यानं ती ओळ कधी वाचलेलीच नसते.

गुणाकार करताना एक काळजी घ्या. चार्जरला दोन तोंडं असतील तर प्रत्येक तोंडाचं आउटपुट वेगळं आणि एकत्रित आउटपुट वेगळं लिहिलेलं असतं. दोन्ही तोंडांचे वॅट बेरीज करून कंपनीनं मोठा आकडा छापला असेल तर तो चलाखपणा आहे, पण त्याला नकली म्हणता येणार नाही.

याच ओळीच्या आसपास एका चौकोनात दुसरा चौकोन असं चिन्ह शोधा. दोन पिनांच्या अॅडॉप्टरला अर्थिंग नसतं, म्हणून त्याचं इन्सुलेशन दुहेरी असावं लागतं, आणि ते तसं आहे असा दावा या चिन्हानं केलेला असतो. हे चिन्हच नसेल तर बाकी काही बघायची गरज नाही. असेल तरी आत दुहेरी इन्सुलेशन आहे असं समजू नका, चिन्ह छापायला काय लागतं.

पिना बघा. भारतासाठीच्या मालाला गोल पिना असतात. चपट्या पिनांचा चार्जर आणि सोबत फुकट कन्व्हर्टर देऊन कुणी "दुबईहून आलेला ओरिजिनल" म्हणत असेल, तर एक तर तो भारतात विकण्यासाठी बनलेला नाही किंवा सरळ नकली आहे. दोन्ही बाबतीत त्यावर कंपनीची इथली वॉरंटी मिळेल या भरवशावर राहू नका.

खोक्यावर काय असायलाच हवं

पाकीटबंद मालाचे नियम 2011 सालचे आहेत. त्यानुसार खोक्यावर उत्पादकाचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव आणि पत्ता, बनवल्याचा महिना आणि वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत आणि ग्राहक तक्रारीसाठी संपर्क द्यावा लागतो. आयात मालावर मूळ देश आणि आयात करणाऱ्याचा भारतातला पत्ता. इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या बाबतीत यातली काही माहिती क्यूआर कोडमध्ये टाकायची मुभा नंतर मिळाली, त्यामुळे पत्त्याच्या काही तपशिलांसाठी कोड स्कॅन करावा लागू शकतो. किंमत मात्र खोक्यावरच दिसली पाहिजे.

नकली खोक्यावर छपाई चकचकीत असते आणि नेमकं हे लेबल नसतं, किंवा असतं ते नुसतं किंमतीचं, पत्त्याशिवाय. पत्ता असेल तर पूर्ण आहे का बघा. "मार्केटेड बाय" आणि पुढे फक्त शहराचं नाव, एवढ्याला पत्ता म्हणत नाहीत.

खोक्यावरचा क्यूआर कोड स्कॅन करून "व्हेरिफाईड, जेन्युइन प्रॉडक्ट" असं हिरव्या अक्षरात आलं म्हणून भुलू नका. ज्यानं खोकं खोटं छापलं तो खोटं पान बनवणार नाही असं थोडंच आहे. कंपनीनं पडताळणीची सोय दिली असेल तर कंपनीच्या संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करा आणि तिथून आत जा.

"बॉक्समधून काढलेला" हा माल वेगळा. दुकानदार सांगतो, नव्या फोनसोबत आलेला चार्जर गिऱ्हाईकानं इथंच विकला, म्हणून खोकं नाही. कधी ते खरं असतंही. पण आधी विचारा, कोणत्या फोनच्या बॉक्समधून? अॅपलनं ऑक्टोबर 2020 पासून, म्हणजे आयफोन 12 च्या वेळेपासून, फोनसोबत अॅडॉप्टर देणं बंद केलं. सॅमसंगनं गॅलेक्सी एस21 पासून, जानेवारी 2021 मध्ये, तेच सुरू केलं. "आयफोन 15 च्या बॉक्समधला अॅडॉप्टर" असं कुणी म्हणालं तर त्याला बोलू द्या आणि पुढच्या दुकानात जा.

ज्या खुणांवर फार विसंबू नये

सीई या अक्षरांवरून पुष्कळ लोक निकाल देतात. दोन अक्षरांमध्ये अंतर जास्त असेल तर खरा आणि कमी असेल तर "चायना एक्स्पोर्ट", असं मोबाइलवर फिरतं. सीई हे युरोपच्या बाजाराचं चिन्ह आहे, अशा मालावर बनवणारा ते स्वतःच्या जबाबदारीवर लावतो, आणि भारतात विकण्यासाठी त्याला काही अर्थ नाही. अक्षरांमधलं अंतर मोजण्यात जेवढा वेळ जाईल तेवढ्यात आर नंबर तपासून होतो.

वजनाचंही तसंच. खऱ्याच्या आत जास्त सामान, म्हणून तो जड, हे साधारण बरोबर आहे. पण तुलना त्याच मॉडेलशी करावी लागते. आजचे गॅन प्रकारचे चार्जर जुन्या चार्जरपेक्षा छोटे आणि तरीही जास्त वॅटचे असतात. मित्राकडे नेमकं तेच मॉडेल असेल आणि किराणा दुकानातला डिजिटल काटा हाताशी असेल तर करून बघा, नुसतं हातात उचलून अंदाज बांधू नका.

हात लावून कळणारी एक गोष्ट मात्र मी बघतो, ती म्हणजे ठोकळ्याचे दोन भाग जिथं जोडलेले असतात ती रेष. खऱ्यात ती सगळीकडे एकसारखी असते. नकलीत कुठे नख शिरतं, कुठे गोंद बाहेर आलेला दिसतो, पिना धरून हलवल्या तर हलतात. केबल लावायच्या तोंडात बघितलं तर धातूचं तोंड थोडं तिरकं बसलेलं दिसतं.

काउंटरवर लावून बघा

शेवटी चार्जर तिथंच लावून बघू द्या असं म्हणा. स्वतःचा फोन, स्वतःची केबल. दुकानाची केबल वापरलीत तर दोष कुणाचा ते कळणार नाही. फोनची बॅटरी अर्ध्याच्या खाली असेल तर बरं, कारण बॅटरी भरत आली की किंवा फोन तापला की खरा चार्जरही वेग कमी करतो. 25 वॅटच्या खऱ्या सॅमसंग चार्जरवर तो वेग झेपणारा फोन लावला की पडद्यावर "सुपर फास्ट चार्जिंग" येतं. नुसतं "चार्जिंग" किंवा "फास्ट चार्जिंग" आलं तर चार्जर, केबल किंवा फोनची सेटिंग, कुठेतरी अडलंय. आणि "सुपर फास्ट" आलं तरी तो खराच, असं नाही. ती भाषा बोलणारी चिप आता नकली मालातही बसवतात.

चार्जिंग चालू असताना मिनिटभर पडद्यावर बोट फिरवा, कीबोर्ड उघडून काहीतरी टाइप करा. बोट एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे उमटतंय, पडदा आपोआप सरकतोय, असं दिसलं तर चार्जर परत करा. चार्जरच्या आतली गाळणी नीट नसली की विजेचा गोंगाट फोनपर्यंत येतो आणि टचला गोंधळात पाडतो. चार्जर काढल्यावर टच लगेच सरळ झाला, तर दोष फोनचा नव्हता.

फोनच्या धातूच्या कडेला हलकी झिणझिणी जाणवली म्हणून मात्र घाबरून खोटा ठरवू नका. अर्थिंग नसलेल्या खऱ्या अॅडॉप्टरमध्येही थोडा करंट गळतो आणि अनवाणी, फरशीवर उभं असताना तो जाणवतो. हात मागे खेचावा लागेल असा झटका बसला, तर तो चार्जर कुणाच्याही नावाचा असो, पुन्हा लावू नका.

बिल मागितल्यावर काय होतं ते बघा

एवढ्या सगळ्या फेऱ्यांतून सुटणारा नकली माल असतो. यूएलच्या चाचणीतले ते 3 आठवा. माणसाला दुकानात उभं राहून आतली गुंडाळी दिसणार नाही. म्हणून शेवटचा भरवसा माल कुठून आला यावरच ठेवावा लागतो. बिल मागा, त्यावर कंपनीचं नाव, मॉडेल नंबर आणि दुकानाचा जीएसटी क्रमांक लिहून मागा. नुसतं "चार्जर 1 नग" नको. आतापर्यंत "ओरिजिनल, ओरिजिनल" म्हणणारा दुकानदार मॉडेल नंबर लिहायच्या वेळी अडखळला, तर त्याला जे माहीत आहे ते तुम्हालाही कळलं. जीएसटी क्रमांक खरा आहे का ते जीएसटीच्या संकेतस्थळावर लॉगिन न करताही बघता येतं.

छोटा दुकानदार बिल देत नाही म्हणजे तो लबाडच, असं मी म्हणणार नाही. तालुक्याच्या गावात अनेक जण खरोखर फसूनच माल भरतात, त्यांनाही होलसेलवाल्यानं ओरिजिनलच सांगितलेलं असतं. अशांना अॅपचा पडदा दाखवला तर ते पुढच्या वेळी माल भरताना स्वतःच तपासतात.

ऑनलाइन घेताना मोठ्या संकेतस्थळाचं नाव बघून थांबू नका, विकणारा कोण आहे ते बघा. तिथं दुसरेच लहान विक्रेतेही माल लावतात. कंपनीनं स्वतःच्या संकेतस्थळावरून दिलेल्या दुव्यानं तिथलं दुकान उघडणं जास्त बरं. ठोकळ्यावरच्या लेबलचा फोटो दिलेला नसेल तर तो चार्जर सोडून द्या. माल आल्यावर पाकीट उघडताना व्हिडिओ काढा, आणि पहिल्यांदा फोनला लावण्याआधी आर नंबर तपासा.

नकली हाती लागलाच तर तो फेकून देऊ नका. खोकं, ठोकळा, बिल आणि नंबरचा फोटो जपून ठेवा. आर नंबर खोटा किंवा दुसऱ्याचा निघाला तर त्याची तक्रार `BIS Care` अॅपमधूनच करता येते, फोटो जोडता येतो. दुकानदार पैसे परत द्यायला तयार नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे, तिथं मराठीत बोलता येतं. फोन करण्याआधी दुकानाचं नाव, खरेदीची तारीख आणि रक्कम समोर घेऊन बसा, कारण पहिले प्रश्न तेच असतात.